बाराखडी पाठ आहे, पण 'कु' वाचता येत नाही: दुसरीच्या मुलांसाठी तक्ता आणि घरचा खेळ

गेल्या वर्षी पालकसभेला एका मुलाची अम्मी माझ्यासमोर बसली आणि जरा रागातच म्हणाली, "टीचर, याला पूर्ण बाराखडी पाठ आहे. रोज रात्री म्हणून घेते. मग वहीवर तुम्ही 'वाचन कच्चे' असं का लिहिलंय?"

मी मुलाला जवळ बोलावलं. म्हटलं, "क ची बाराखडी म्हण बेटा." त्याने एका दमात म्हटली. क, का, कि, की, कु, कू, के, कै, को, कौ, कं, कः. कुठे अडखळला नाही. अम्मीच्या चेहऱ्यावर 'बघा, सांगितलं होतं ना' असा भाव आला. मग मी कागदावर फक्त 'कु' लिहिलं आणि विचारलं, "हे काय?" मुलगा गप्प. थोड्या वेळाने त्याचे ओठ हलायला लागले आणि बोटं मोजायला लागली. क... का... कि... की... कु. "कु," तो म्हणाला.

उत्तर बरोबर होतं, पण त्याने ते वाचलं नव्हतं. गाणं पहिल्या ओळीपासून म्हणत तो पाचव्या शब्दापर्यंत चालत गेला होता. पुढे मी 'मे' लिहिलं. म ची बाराखडी त्याला तितकी पाठ नव्हती. त्याने सरळ 'म' म्हटलं.

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी दुसरीला मराठी शिकवते. असं मूल दरवर्षी भेटतं, आणि एक नाही, बरीच भेटतात. त्यांची पाठांतराची मेहनत खरी असते, पण ती वाचनापर्यंत पोहोचलेली नसते. त्यामुळे मूल 'ढ' ठरतं, आणि तिसरीत धडे लांब झाले की मराठीचं पुस्तक उघडायलाच घाबरतं. हा गुंता घरी बसून सोडवता येतो. त्यासाठी एक तक्ता, सहा कार्डं, थोडं प्लास्टिक आणि मूठभर चिंचोके लागतात.

आधी दोन मिनिटांची तपासणी

आपल्या मुलाचं नेमकं काय चाललंय ते आधी बघा. दहा चिठ्ठ्या करा आणि प्रत्येकीवर एकच अक्षर लिहा: मी, का, ले, सू, बो, न, की, मे, लो, सा. चिठ्ठ्या मिसळून एकेक समोर धरा. मूल लगेच, म्हणजे मनात तीन आकडे मोजेपर्यंत बोललं, तर ते अक्षर त्याला येतं. ओठ हलवत सुरुवातीपासून म्हणायला लागलं, बोटं मोजायला लागलं किंवा चिन्ह सोडून नुसतं 'ल', 'म' म्हणालं, तर त्याला गाणं येतं, चिन्ह येत नाही. दहापैकी आठ-नऊ झटपट आले तर पुढचा पहिला टप्पा सोडून सरळ दुसऱ्यावर जा.

चिन्ह करतं तरी काय?

'क' हे अक्षर आपण लिहितो तेव्हा त्यात 'अ' आधीच मिसळलेला असतो. त्याच्यासाठी वेगळी खूण नसते. आपण एखादं चिन्ह लावतो तेव्हा तो 'अ' निघून जातो आणि त्याच्या जागी दुसरा स्वर येतो. क ला काना दिला की 'अ' गेला आणि 'आ' आला: का. एक मात्रा दिली की 'अ' गेला आणि 'ए' आला: के. एका अक्षरात एका वेळी एकच स्वर राहतो.

हे मुलाला शब्दांत सांगून कळत नाही. डोळ्यांनी दिसावं लागतं की अक्षर तेच राहिलं, चिन्ह आलं आणि आवाज बदलला. चिन्ह उचललं की पुन्हा तोच जुना आवाज. पाठांतरात ही गोष्ट दिसतच नाही, कारण तिथे का, की, कू हे बारा सुटे शब्द असल्यासारखे एकामागून एक येतात.

जबर, जेर, पेश आणि आपली मुलं

आमच्या वर्गातली बरीच मुलं संध्याकाळी मकतबमध्ये कायदा वाचतात. 'बा जबर ब, बा जेर बि, बा पेश बु' हे त्यांच्या तोंडात असतं. म्हणजे अक्षराला खूण जोडली की आवाज बदलतो ही मूळ कल्पना त्यांना नवी नाही. त्यांच्याकडे ही मोठी शिदोरी आहे आणि ती मराठीत वापरता येते. मी वर्गात सांगते, "कायद्यात बा ला जेर लावला की बि, तसंच मराठीत ब ला पहिली वेलांटी दिली की बि. कायद्यात बा च्या पुढे अलिफ आला की बा लांबतो, तसाच मराठीत काना." मुलांच्या डोक्यात लगेच उजेड पडतो.

पण याच शिदोरीत एक खडाही आहे, आणि तो लक्षात यायला मला बरीच वर्षं लागली. खुणांच्या जागा दोन्ही लिप्यांत वेगळ्या आहेत. कायद्यात जबर ही अक्षराच्या वरची तिरकी रेघ असते आणि तिचा आवाज 'अ'. मराठीत अक्षराच्या वरची तिरकी रेघ म्हणजे मात्रा, आणि तिचा आवाज 'ए'. कायद्यात अक्षराच्या खाली जेर येतो, त्याचा आवाज 'इ'. मराठीत अक्षराच्या खाली उकार येतो, त्याचा आवाज 'उ'. उलट पेश, ज्याचा आवाज 'उ', तो कायद्यात वर असतो.

आता त्या मुलाकडे परत बघा. 'मे' बघून तो 'म' म्हणाला होता. मला वाटलं होतं की मात्रेकडे त्याचं लक्षच गेलं नाही. पण नंतर तो 'ले' ला 'ल' आणि 'से' ला 'स' असंच वाचत राहिला, आणि 'मु' ला दोन वेळा 'मि' म्हणाला. तेव्हा मी त्याच्या कायद्याची आठवण काढली. मुलगा आंधळेपणाने चुकत नव्हता. वरची तिरकी रेघ त्याने जबर म्हणून वाचली होती आणि खालची खूण जेर म्हणून. नियम पाळूनच चुकत होता, फक्त नियम दुसऱ्या लिपीचा होता.

अशा मुलाला 'नीट बघ' म्हणून उपयोग नाही, कारण तो नीटच बघत असतो. त्याला एकदा समोर बसवून दोन्ही लिहून दाखवा. एका बाजूला बा वर जबर, दुसऱ्या बाजूला ब वर मात्रा. "इकडे वरची रेघ 'अ' बोलते, इकडे वरची रेघ 'ए' बोलते. दोन घरं, दोन रीती." मुलांना हे पटतं. नानीच्या घरी जेवण एका वेळी, दादीच्या घरी दुसऱ्या वेळी, हे ती रोज सांभाळतातच.

उर्दूची सवय आणखी एका ठिकाणी नडते. उर्दूत शब्दाच्या मधली ये कधी 'ई' वाचतात, कधी 'ए'. वाव कधी 'ऊ', कधी 'ओ'. कोणता आवाज घ्यायचा ते शब्द ओळखून ठरतं. म्हणून उर्दू वाचणारं मूल मराठीतही अंदाज बांधायला जातं. त्याला सांगा की मराठीत अंदाज लागत नाही. ई ची खूण वेगळी आणि ए ची वेगळी, ऊ ची वेगळी आणि ओ ची वेगळी.

तक्ता: बारा नव्हे, आधी सहा

बाजारातला बाराखडीचा तक्ता भिंतीवर शोभतो, पण दुसरीच्या मुलाला त्यात चारशेवर घरं दिसतात. आपण लहान तक्ता करू. सहा अक्षरं आणि सहा रकाने.

अक्षरं घ्या: क, म, ल, स, न, ब. ही एकमेकांसारखी दिसत नाहीत. म आणि भ, ब आणि व, घ आणि ध अशा जोड्या पहिल्या तक्त्यात एकत्र आणू नका, नाहीतर मूल चिन्हाला अडलंय की अक्षराला, हे आपल्यालाच कळणार नाही.

रकाने असे: पहिला बिनचिन्हाचा, मग काना, दुसरी वेलांटी, दुसरा उकार, एक मात्रा, आणि एक काना एक मात्रा. पहिली वेलांटी आणि पहिला उकार मी मुद्दाम मागे ठेवते. त्याचं कारण पुढे येईल.

तक्ता असा दिसेल:

क का की कू के को
म मा मी मू मे मो
ल ला ली लू ले लो
स सा सी सू से सो
न ना नी नू ने नो
ब बा बी बू बे बो

एका कार्डशीटवर सहा सहा सेंटिमीटरची घरं आखा. अक्षर काळ्या स्केचपेनने आणि चिन्ह लाल रंगाने लिहा. डाव्या कडेला अक्षरं आणि वरच्या कडेला नुसती चिन्हं लिहायला एकेक पट्टी सोडा. हा तक्ता भिंतीवर लावू नका, जमिनीवर पसरायचा आहे. पाढ्यांच्या कोष्टकासारखा तो आडवाही वाचायचा आणि उभाही. आडवं वाचलं की तेच जुनं गाणं होतं. उभं वाचलं, का मा ला सा ना बा, की मुलाला प्रथमच कानाने कळतं की काना सगळीकडे एकच काम करतो. म्हणून पहिले दोन दिवस फक्त उभं वाचून घ्या, वरून खाली आणि खालून वर.

कार्डं आणि प्लास्टिकचे पत्रे

आता खेळाचं सामान. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाचे दहा सेंटिमीटरचे सहा चौकोन कापा. प्रत्येकावर वरून तीन सेंटिमीटरवर आडवी शिरोरेघ ओढा, कार्डाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिच्याखाली मधोमध अक्षर काढा, साधारण चार सेंटिमीटर रुंद. दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहू द्या.

फाइलच्या पारदर्शक कव्हरचे तेवढेच सहा चौकोन कापा. एक कोरा ठेवा. बाकीच्या पाचांवर, एकेक पत्रा 'म' च्या कार्डावर ठेवून, सीडीवर लिहायच्या पक्क्या लाल पेनाने चिन्ह काढा: ा, ी, ू, े, ो. पत्रा कार्डावर ठेवला की चिन्ह अक्षराला जाऊन चिकटलं पाहिजे. 'म' चा दांडा उजवीकडे असतो आणि 'क' चा मधोमध. म्हणून 'क' वर उकाराचा किंवा मात्रेचा पत्रा थोडा डावीकडे सरकवावा लागतो. ते काम मुलालाच करू द्या. उकार दांड्याच्या पायाशी आणि मात्रा दांड्याच्या डोक्यावर, हे त्याच्या हाताला कळेल.

पत्र्याचा फायदा काय, असं कोणी विचारेल. अक्षरं छापून का नाही घ्यायची? छापलेल्या 'मे' मध्ये म आणि मात्रा वेगळे करता येत नाहीत. पत्रा उचलता येतो. मूल चुकलं की आपल्याला काही सांगावं लागत नाही, पत्रा उचलून परत ठेवला की पुरतं.

खेळ: तीन घरं पकड

दोन ते चार जण खेळू शकतात. दादी, खाला, मोठी बहीण, कोणीही चालेल. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्या घरातल्या बायकाही या खेळात बसतात, आणि दोन आठवड्यांत त्यांनाही तक्ता वाचता येतो, हे मी पाहिलं आहे. एकाने चिंचोके घ्यावेत, दुसऱ्याने राजमा, तिसऱ्याने बटणं.

कार्डं एका पिशवीत, पत्रे दुसऱ्या पिशवीत. ज्याची पाळी त्याने न बघता एक कार्ड आणि एक पत्रा काढायचा, पत्रा कार्डावर ठेवायचा आणि आवाज एकदम बोलायचा. 'म ला दुसरा उकार मू' असं लांबण लावायचं नाही, नुसतं 'मू'. मग तक्त्यावर ते घर शोधून आपला चिंचोका ठेवायचा. कार्ड आणि पत्रा परत आपापल्या पिशवीत. उभी, आडवी किंवा तिरकी अशी सलग तीन घरं ज्याची आधी होतील तो जिंकला. घर आधीच भरलेलं असेल तर त्या आवाजाने सुरू होणारा एक शब्द सांगायचा. सांगितला की आणखी एक पाळी.

ओळीच्या सुरुवातीपासून म्हणत कोणी घरापर्यंत गेलं तर त्या पाळीला चिंचोका ठेवायचा नाही. हा एकच कडक नियम. तो मोठ्यांनाही लागू. एक डाव दहा-पंधरा मिनिटांत संपतो. रोज एकच डाव खेळा, मूल मागत असतानाच थांबा.

एक डाव कसा चालला

त्या मुलाच्या अम्मीला मी हेच सामान करून दिलं होतं. पहिल्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले होते, तेव्हा मायलेक माझ्यासमोर खेळले.

मुलाने ब आणि काना काढला. "बा." चिंचोका पडला. अम्मीने स आणि कोरा पत्रा काढला. "स." मुलगा हसला, "हे तर सोपं!" पण कोऱ्या पत्र्याचंच काम मोठं असतं. चिन्ह नसलं तरी आवाज असतो, हे तो शिकवतो.

मग मुलाने ल आणि मात्रा काढली. "ल," तो म्हणाला. अम्मी 'चुकलं' म्हणणार होती, मी हाताने थांबवलं. पत्रा उचलला. "हे काय?" "ल." पत्रा ठेवला. "आता?" तो थांबला. "ल..." "पत्रा ठेवल्यावर आवाज बदलायला हवा. बदलला का?" त्याने वर तक्त्याच्या कडेला बघितलं, मात्रेच्या रकान्यावरून बोट खाली आणलं. के, मे... "ले!" त्याने घर स्वतः शोधलं होतं. ओळीच्या सुरुवातीपासून चालण्यात आणि चिन्हाच्या रकान्यातून उतरण्यात हाच फरक आहे. चिन्हाच्या रकान्यातून उतरायला मुभा द्या. ते हळूहळू आपोआप सुटतं.

दोन पाळ्यांनंतर न आणि दुसरी वेलांटी. "ने." पुन्हा पत्रा उचलला, ठेवला. या वेळी अम्मीच म्हणाली, "आपल्या घरात अम्मीच्या अम्मीला काय म्हणतात?" "नानी. अरे, नी!" ओळखीच्या शब्दाचा आधार असा द्यायचा. पहिल्या तक्त्यातून असे शब्द भरपूर निघतात: मामा, मामी, काका, काकी, नाना, नानी, बाबा, नाक, केस, सून, लोक, मेला, बेसन. सलीम आणि सलमा ही नावंही याच अक्षरांत लिहून होतात. डाव संपला की यातला एखादा शब्द कार्डांनी जुळवून घ्या.

उलटा खेळ

आठवडाभराने खेळ उलटा करा. आता आपण बोलायचं, 'सो', आणि मुलाने स चं कार्ड आणि बरोबर पत्रा शोधून जुळवायचा. वाचायला येणारं मूल इथे पुन्हा अडखळतं, कारण ऐकलेल्या आवाजाचे दोन भाग करणं हे वेगळं काम आहे. हाच श्रुतलेखनाचा पाया आहे. मुलाला मास्तर होऊ द्या, त्याने बोलावं आणि आपण जुळवावं. मधूनच मुद्दाम चूक करा. त्याने पकडली तर समजा की त्याला येतंय. नाही पकडली तर तो रकाना अजून कच्चा आहे.

दुसरा टप्पा: पहिली वेलांटी आणि पहिला उकार

पहिला तक्ता झटपट झाला की ि आणि ु चे पत्रे करा. पहिली वेलांटी मी मागे ठेवते ती दोन कारणांनी. एक तर ती अक्षराच्या डावीकडे लिहितात, पण बोलतात अक्षरानंतर. दुसरं, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कानाला बारीक आहे.

पहिल्या कारणाने होणारी चूक वहीत लगेच ओळखू येते. 'दिवस' सांगितलं तर मूल 'दविस' लिहितं. त्याने द लिहिला, मग 'इ' ऐकली, मग वेलांटी काढली. ऐकलेल्या क्रमाने लिहिलं, म्हणून वेलांटी द च्या उजवीकडे पडली आणि पुढच्या व ची झाली. यावर उपाय असा: अक्षर आधी लिहायचं, पण डावीकडे बोटभर जागा सोडून. मग हात मागे आणून वेलांटी त्या जागेत काढायची आणि तिचा वळसा अक्षराच्या डोक्यावर नेऊन टेकवायचा. खेळातही तसंच, आधी कार्ड ठेवायचं, मग पत्रा. वेलांटीचा वळसा ज्याच्या डोक्यावर, वेलांटी त्याची.

दुसऱ्या कारणासाठी पुन्हा कायदा मदतीला येतो. जेरचा आवाज आखूड. पुढे या आली की तोच लांबतो. पेशचा आखूड, पुढे वाव आला की लांबतो. मकतबमध्ये मुलांना हे लांबवणं नीट शिकवलेलं असतं. 'बा जेर बि' म्हणजे पहिली वेलांटी, 'बा या जेर बी' म्हणजे दुसरी. मराठी बोलताना आपण हा फरक नेहमी इतका स्पष्ट करत नाही, म्हणून लिहिताना एक नियम हाताशी ठेवा: शब्दाच्या शेवटी 'इ' किंवा 'उ' चा आवाज आला तर तो दीर्घ लिहायचा. मामी, पाणी, काकू, लाडू. आणि, परंतु असे मोजके शब्द सोडले तर दुसरीच्या मुलाला हा नियम कुठे दगा देत नाही. शब्दाच्या आतला ऱ्हस्व-दीर्घ मात्र वाचून वाचूनच पक्का होतो. दुसरीत त्यावरून मुलाला रागावू नका.

नंतरची चिन्हं

यानंतर अक्षरं बदला: प, त, र, द, ग, च. इथे र ची खबर घ्या. त्याला उकार पायाशी न लागता पोटाशी, उजव्या बाजूला लागतो: रु, रू. रुमाल, रुपया, रूप. पत्रा इथे जुळत नाही, म्हणून रु आणि रू ची दोन कार्डं पूर्ण लिहूनच ठेवा.

मग दोन मात्रा (पैसा, मैदान), एक काना दोन मात्रा (चौक, मौलवी) आणि अनुस्वार (पतंग, अंगण). विसर्गाचे शब्द फार थोडे आहेत. 'दुःख' आलं की तेव्हा सांगा, त्याच्यासाठी वेगळा सराव नको.

काही घरांत विचारतात की मुलाच्या पुस्तकात बारापेक्षा जास्त घरं कशी? राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमाला प्रमाणित केली, तेव्हा ॲ आणि ऑ हे स्वर तिच्यात घेतले. म्हणून आता कॅ आणि कॉ धरून चौदाखडी म्हणतात. बॅट, बॉल, डॉक्टर हे शब्द मुलं रोज बोलतात, त्यामुळे ही दोन चिन्हं त्यांना जड जात नाहीत. फक्त 'कॅ' वरचा चंद्र आणि 'के' वरची मात्रा शेजारी ठेवून एकदा वाचून घ्या.

तो मुलगा

सुमारे सहा आठवड्यांनी त्याच दहा चिठ्ठ्या मी त्याच्यासमोर पुन्हा धरल्या. नऊ झटपट आल्या. 'मे' आला तेव्हा त्याने क्षणभर वरच्या रेघेकडे बघितलं, हसला आणि म्हणाला, "हे मराठीचं घर आहे, टीचर. मे." पहिली वेलांटी मात्र लिहिताना अजून अधूनमधून पुढच्या अक्षरावर जाते. त्याच्या वहीतला 'वाचन कच्चे' हा शेरा मी खोडला आणि खाली लिहिलं: 'ि चा सराव ठेवा.' अम्मीला आता कळलं होतं की रात्री नेमकं काय करून घ्यायचंय.